शीट म्हणते २४,००० द्या, खातं म्हणतं ९,००० येणे. रॉयल्टीची बाकी नक्की किती?

नवीखतावणी

नमस्कार मंडळी. एका छोट्या प्रकाशन संस्थेत हिशेबाला लागून मला चार महिने झाले. आधी औषधांच्या वितरकाकडे होते. तिथे माल गेला, बिल झालं, पैसे आले, विषय संपला. इथे उलटी गंगा. लेखकाला पैसे आधीच दिलेले असतात आणि पुस्तक खपेल तसे ते फिटत जातात.

एक पुस्तक घेते, त्याला 'अ' म्हणू. ॲडव्हान्स ६०,०००. छापील किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. हिशेब दर सहामाहीला होतो. आतापर्यंत तीन सहामाह्या झाल्या. परत आलेल्या प्रती वजा करून निव्वळ खप पहिल्या सहामाहीत ९००, दुसरीत ६०० आणि तिसरीत ८००.

आधीच्या अकाउंटंटनी ठेवलेली रॉयल्टीची एक्सेल शीट सांगते की या सहामाहीत लेखकाला २४,००० द्यायचे आहेत. सॉफ्टवेअरमधलं त्याच लेखकाचं खातं सांगतं की ९,००० नावे आहेत, म्हणजे आपल्यालाच येणं आहे. दोन दिवस झाले, दोन्ही समोरासमोर ठेवून बसलेय. फरक ३३,००० चा आहे आणि ३३,००० हा आकडा मला कुठेच दिसत नाही.

दुसरा प्रश्न. सगळ्या लेखकांच्या खात्यांची बेरीज ५४,००० नावे येते. मी ती ताळेबंदाच्या कच्च्या मसुद्यात 'लेखकांकडून येणे' म्हणून दाखवली. ऑडिटरांनी पेन्सिलने गोल करून शेजारी फक्त एवढंच लिहिलंय: 'देय रॉयल्टी कुठे आहे?'

बेरीजच नावे आली, तर देय काय दाखवू?

वाणिज्य_वर्ग

ताई, घाबरू नका. हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातलं रॉयल्टी अकाउंट्स आहे. तुमचा ॲडव्हान्स म्हणजे मिनिमम रेंट. रॉयल्टी त्याहून कमी पडली की फरक शॉर्टवर्किंग्जला टाकायचा आणि पुढच्या वर्षांच्या जादा रॉयल्टीतून वसूल करायचा. मुदतीत वसूल झाला नाही तर नफातोट्याला टाकून खातं बंद. मुदत साधारण तीन वर्षं असते. मी पंधरा वर्षं शिकवतोय, यात नवीन काही नाही.

ओलीशाई

धाग्याचं शीर्षक वाचून पोटात गोळा आला. मी लेखिका आहे. माझ्या स्टेटमेंटवर गेली दोन वर्षं शेवटच्या ओळीत वजा चिन्ह असतं, वजा ३१ हजार आणि काही. हे पैसे मला परत करावे लागणार का? मी ते केव्हाच खर्च केलेत हो. प्रकाशकांना विचारायचा धीर होत नाही.

जुना_मुनीम

ओलीशाई, तुम्हाला आधी उत्तर देतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तुम्ही हस्तलिखित दिलं, त्यांनी स्वीकारलं आणि पुस्तक छापून बाजारात आलं. एवढं झालं असेल तर न फिटलेला ॲडव्हान्स साधारणपणे परत मागता येत नाही. पुस्तक खपलं नाही तर ती जोखीम प्रकाशकाची. ते वजा म्हणजे 'एवढे फिटेपर्यंत पुढचा चेक नाही' एवढाच त्याचा अर्थ. परत मागण्याची वेळ येते ती मुख्यतः हस्तलिखितच दिलं नाही तर. तरी करारातलं ते कलम एकदा वाचा. स्टेटमेंटपेक्षा करार मोठा.

आता नवीखतावणी. तुमचा ३३,००० मला दिसतोय, पण आधी एक सांगा. शीटमध्ये दुसऱ्या सहामाहीच्या ओळीत 'मागील बाकी'च्या घरात काय आहे? आकडा नको, फॉर्म्युला सांगा. आणि दुसऱ्या सहामाहीनंतर या लेखकाला चेक गेला होता का?

वाणिज्य_वर्ग सर, तुमच्याकडे नंतर येतो.

नवीखतावणी

घरात शून्य आहे. क्लिक केल्यावर दिसलं की तो आधीच्या ओळीतल्या 'चेक दिल्यावर उरलेली देय रक्कम' या रकान्याला जोडलेला आहे. बाकीच्या पुस्तकांच्या ओळींत तो आकडा हाताने टाकलेला आहे, फक्त याच पुस्तकाला जोडणी आहे.

आणि हो, दुसऱ्या सहामाहीनंतर १८,००० चा चेक गेलाय. माझ्या आधी.

जुना_मुनीम

मग उलगडलं. चेक अजून सही व्हायचा असेल तर आज थांबवा.

आकडे सरळ मांडू. ॲडव्हान्स दिला त्या दिवशी लेखकाची बाकी वजा ६०,०००. पहिल्या सहामाहीत ९०० प्रतींचे २७,००० जमा झाले, बाकी वजा ३३,०००. देय काही नाही, बरोबर. दुसऱ्या सहामाहीत ६०० प्रतींचे १८,००० जमा झाले, बाकी वजा १५,००० व्हायला हवी होती आणि देय पुन्हा शून्य.

पण शीटने पुढे काय नेलं? 'चेक दिल्यावर उरलेली देय रक्कम'. पहिल्या सहामाहीत देय शून्य, चेक शून्य, म्हणून उरलेली रक्कमही शून्य. वजा ३३,००० त्याच ओळीत राहिले आणि दुसरी सहामाही कोऱ्या पाटीवर सुरू झाली. म्हणून १८,००० पूर्ण देय दिसले आणि चेक गेला. तिसऱ्या सहामाहीत पुन्हा कोरी पाटी, पुन्हा २४,००० पूर्ण देय. तुमचा हरवलेला ३३,००० तो हाच, पहिल्या सहामाहीअखेर न फिटलेला ॲडव्हान्स.

मूळ घोटाळा असा की 'देय' आणि 'बाकी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देय रक्कम शून्याच्या खाली जात नाही, बाकी जाते. पुढे न्यायची असते ती बाकी. एकाच रकान्यात दोन्ही भागवायला गेलं की वजा रक्कम गिळली जाते, आणि लक्षातही येत नाही, कारण शून्य दिसायला नेहमी निरागस असतो.

शीटमध्ये एवढं करा. B मागील बाकी, C या सहामाहीची रॉयल्टी, D या सहामाहीआधी कोणत्याही कारणाने जादा गेलेली रक्कम:

```
E2: =B2+C2-D2
F2: =MAX(0,E2)
G2: =MIN(0,E2)
B3: =G2
```

F म्हणजे चेक, G म्हणजे पुढे जाणारी वजा बाकी. चेक F एवढाच गेला असेल तर पुढच्या ओळीत G सोडून काहीही जाता कामा नये. D चा रकाना एरवी रिकामाच असतो. तुमच्या बाबतीत तिसऱ्या सहामाहीच्या ओळीत तिथे १८,००० येतील.

नवीखतावणी

केलं. तिसऱ्या सहामाहीच्या ओळीत मागील बाकी वजा १५,०००, त्यात २४,००० मिळवले, १८,००० वजा केले. E मध्ये वजा ९,००० आले. म्हणजे खातं बरोबर होतं! चेक साहेबांच्या टेबलावर होता, परत आणला. हात थरथरत होते खरं सांगायचं तर.

हे दर वेळी तपासायला काही सोपी युक्ती आहे का? प्रत्येक ओळीचा फॉर्म्युला उघडून बघणं होणार नाही.

जुना_मुनीम

आहे. सहामाह्या विसरा. पुस्तक निघाल्यापासून आजवर एकूण रॉयल्टी किती झाली ते एका बाजूला लिहा, आणि ॲडव्हान्स धरून लेखकाला आजवर एकूण किती पैसे गेले ते दुसऱ्या बाजूला. तुमचं 'अ': २,३०० प्रतींचे ६९,००० झाले. गेले ६०,००० आणि १८,०००, मिळून ७८,०००. फरक वजा ९,०००. शीटची शेवटची बाकी या फरकाशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर मधल्या कुठल्या तरी ओळीत पाणी मुरतंय. मी प्रत्येक पुस्तकाच्या शीटच्या तळाला ही एक ओळ ठेवायचो आणि चेक काढण्याआधी फक्त तीच बघायचो.

कोरा_कागद

माझं स्वतःचं छोटं प्रकाशन आहे. तुम्ही लोक उगाच डोकं शिणवताय असं माझं मत. आम्ही ॲडव्हान्स दिला की त्याच दिवशी थेट रॉयल्टी खर्चात टाकतो. खातं नाही, बाकी नाही. फिटला की पुढची रॉयल्टी देतो. सरळ काम.

जुना_मुनीम

चालतं, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. 'फिटला' हे तुम्हाला कळतं कशावरून? कुठेतरी वहीत लिहिलेलं असणारच. म्हणजे खातं आहे, फक्त हिशेबाच्या पुस्तकाबाहेर आहे, आणि वही सांभाळणारा माणूस सोडून गेला की ते जातं. दुसरं, नंतर एखाद्या नव्या माणसाने खपाच्या तक्त्यावरून पूर्ण ६९,००० रॉयल्टी खर्चात टाकली तर ६०,००० आधीचे आणि ६९,००० आताचे मिळून १,२९,००० खर्च एका पुस्तकावर पडतो. मी हे घडलेलं पाहिलंय. पुस्तक तोट्यात म्हणून पुनर्मुद्रण थांबवलं होतं त्या लोकांनी. पुस्तक चांगलं चाललं होतं.

योग्य नोंद अशी की ॲडव्हान्स देताना 'लेखक अग्रिम' नावे, बँक जमा. ही मालमत्ता, खर्च नव्हे. पुस्तक खपेल तशी रॉयल्टी खर्च नावे आणि अग्रिम जमा. 'अ' वेळेवर नीट चाललं असतं तर तिसऱ्या सहामाहीला नोंद झाली असती: रॉयल्टी खर्च नावे २४,०००, लेखक अग्रिम जमा १५,०००, देय रॉयल्टी जमा ९,०००. एकाच नोंदीत ॲडव्हान्स संपतो आणि देणं जन्माला येतं. ही नोंद ज्याला समजली त्याला सगळं समजलं.

कोरा_कागद

हम्म. १,२९,००० चं उदाहरण जरा घरात घुसलं. आमच्या एका पुस्तकाचे आकडे आज रात्री बघतो.

वाणिज्य_वर्ग

माझ्या शॉर्टवर्किंग्जचं काय झालं? शेवटी तुम्हीही कमी पडलेली रक्कम पुढे नेऊन वसूलच करताय की.

जुना_मुनीम

वसुलीचा विचार सारखा आहे, तेवढं तुमचं बरोबर. पण मिनिमम रेंट दर वर्षी द्यावा लागतो. खाणीतून काही निघो न निघो, ठरलेली रक्कम दर वर्षी जाते आणि दर वर्षी नवी शॉर्टवर्किंग तयार होऊ शकते. ॲडव्हान्स एकदाच ठरतो. तो सही करताना, हस्तलिखित देताना, पुस्तक निघताना अशा दोन-तीन हप्त्यांत गेला तरी रक्कम एकच. त्याची न फिटलेली बाकी फक्त कमी होत जाते, किंवा परतीच्या प्रती आल्या तर तात्पुरती वाढते.

आणि मुदत. 'तीन वर्षांत वसूल नाही तर सोडून द्या' ही अट उदाहरणसंग्रहातल्या करारात लिहिलेली असते म्हणून लागू होते. लेखकाच्या करारात ती लिहिलेली नसेल तर बाकी करार चालू आहे तोवर पुढे जात राहते. नवीखतावणींनी तुमचं ऐकून तीन वर्षांनी खातं बंद केलं असतं तर चौथ्या वर्षी पुस्तकाचे दिवस पालटल्यावर पहिल्या प्रतीपासून चेक गेले असते.

वाणिज्य_वर्ग

मुदतीचा मुद्दा मान्य. वर्गात हे असं कुणी विचारत नाही.

नवीखतावणी

पहिला प्रश्न सुटला. आता ऑडिटरांची पेन्सिल. सगळी खाती पुन्हा काढली. काही लेखकांची जमा बाकी आहे, त्यांची बेरीज १,८६,०००. काहींची नावे बाकी आहे, 'अ'चे ९,००० धरून बेरीज २,४०,०००. वजाबाकी ५४,००० नावे. बेरीज चुकलेली नाही ना?

जुना_मुनीम

बेरीज चुकलेली नाही, बेरीज करणं चुकलंय.

ज्यांची १,८६,००० जमा बाकी आहे ते लेखक तुमच्या दाराशी येऊन पैसे मागू शकतात. त्यांना तुम्ही 'दुसऱ्या लेखकांचे ॲडव्हान्स फिटलेले नाहीत, म्हणून तुम्हाला काही नाही' असं सांगणार का? नाही ना. मग ताळेबंदातही सांगता येत नाही. एका माणसाचं देणं दुसऱ्या माणसाकडच्या येण्यातून वळतं होत नाही. देणी बाजूला 'देय रॉयल्टी' १,८६,०००, आणि मालमत्ता बाजूला 'लेखकांना दिलेले अग्रिम' २,४०,०००. ऑडिटरांनी विचारलेलं उत्तर एवढंच.

आता जास्त महत्त्वाची गोष्ट. ते २,४०,००० खरोखर २,४०,००० किमतीचे आहेत का? ती रोकड नाही. तिथून पैसे परत येणार नाहीत हे मी वर ओलीशाईंना सांगितलंच. पुढे ते लेखक कमावतील त्या रॉयल्टीतून तेवढे वाचतील, एवढीच त्यांची किंमत. ज्या पुस्तकाला पुढे रॉयल्टीच होणार नाही त्याचा ॲडव्हान्स मालमत्तेत ठेवणं म्हणजे वाळलेल्या विहिरीचं पाणी मोजणं. सगळ्यात मोठी नावे बाकी कुठल्या पुस्तकाची आहे?

नवीखतावणी

एक 'ब' आहे. ॲडव्हान्स ८०,०००, छापील किंमत ४००, रॉयल्टी १० टक्के. आजवर निव्वळ ७०० प्रती खपल्या, २८,००० फिटले. बाकी ५२,००० नावे. गेल्या दोन सहामाह्यांत ३५ आणि ३० प्रती. गोदामात २६० शिल्लक. छापल्या होत्या १,०००. उरलेल्या ४० परीक्षणासाठी आणि मानार्थ गेल्या, त्यांवर रॉयल्टी नाही.

जुना_मुनीम

अहो, हजार प्रतींची सगळी रॉयल्टी ४०,०००, आणि ॲडव्हान्स ८०,००० दिला? पहिली आवृत्ती शेवटच्या प्रतीपर्यंत खपली असती तरी अर्धा ॲडव्हान्स फिटला नसता. ज्यांनी सही केली त्यांना दुसरी आवृत्ती स्वप्नात दिसली असणार. असो.

गोदामातल्या २६० प्रती सगळ्या खपल्या तरी प्रतीमागे ४० प्रमाणे १०,४०० फिटतील. पुनर्मुद्रण ठरलेलं नसेल आणि इतर हक्कांतून काही यायचं नसेल, तर या ॲडव्हान्सची जास्तीत जास्त किंमत १०,४००. बाकीचे ४१,६०० यंदाच्या खर्चात घ्यावे लागतील. आणि सहामाहीला तीस प्रतींच्या वेगाने २६० प्रती खपायला चार वर्षांहून जास्त लागतील, म्हणून ऑडिटर १०,४०० वरही नाक मुरडू शकतो. तो अंदाजाचा भाग. तिथे लेखी कारण ठेवा आणि वाद घाला.

कोरा_कागद

मग ५२,००० चं खातं १०,४०० वर आणून ठेवायचं, बरोबर? उरलेले सोडले, लेखकालाही बरं वाटेल.

जुना_मुनीम

नाही! नेमका इथेच सगळ्यात महाग खड्डा आहे.

ते ४१,६०० लेखकाच्या खात्यातून कमी करायचे नाहीत. वेगळं खातं उघडायचं, 'अग्रिमांवरील तरतूद' म्हणा. खर्च नावे ४१,६००, तरतूद जमा ४१,६००. ताळेबंदात अग्रिमातून तरतूद वजा करून दाखवायची. लेखकाचं खातं मात्र ५२,००० नावेच राहतं, आणि पुढच्या स्टेटमेंटवरही ५२,०००च छापले जातात.

कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेखकाने करारानुसार अजून किती फेडायचं आहे, हे खातं सांगतं. त्यातलं किती फिटेल असं आपल्याला वाटतं, हे तरतूद सांगते. आपला अंदाज वाईट झाला म्हणून करार बदलत नाही.

समजा पुढच्या वर्षी 'ब'चे अनुवादाचे हक्क विकले गेले आणि त्यात लेखकाचा वाटा ३०,००० निघाला. करारात हक्कांच्या उत्पन्नातून ॲडव्हान्स फेडून घ्यायची तरतूद असेल, आणि बहुतेकदा असते, तर ५२,००० ची बाकी २२,००० वर येते आणि चेक जात नाही. पण तुम्ही खातंच १०,४०० वर आणून ठेवलं असेल तर शीट म्हणेल १९,६०० द्या. ते तुम्ही द्याल, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, कारण त्या खात्यात काही चुकीचं दिसतच नाही.

नवीखतावणी

मग त्या वर्षी तरतुदीचं काय होतं? ती तशीच पडून राहील?

जुना_मुनीम

नाही, ती कमी करायची. बाकी २२,००० राहिली. गोदामातून १०,४०० फिटतील हा अंदाज तोच असेल, तर तरतूद ११,६०० पुरे. ४१,६०० मधले ३०,००० परत घ्यायचे. त्या वर्षी ३०,००० रॉयल्टी खर्चही पडलेला असतो, दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणजे तो तोटा तुम्ही आधीच्या वर्षी सोसलेला आहे, तो दुसऱ्यांदा सोसायचा नाही.

अर्धविराम

मी हक्क आणि करार बघते. बऱ्याच वेळापासून वाचतेय, आता बोलल्याशिवाय राहवत नाही. मुनीमकाका, तुम्ही 'अ'चे ९,००० त्या २,४०,००० मध्ये राहू दिलेत. ते अग्रिम आहे का?

जुना_मुनीम

पकडलंत. नाही. 'अ'चा ॲडव्हान्स फिटला, ६९,००० झाले म्हणजे ६०,००० कधीच पार. ते ९,००० आपल्या चुकीने जास्त गेलेले पैसे आहेत. ताळेबंदात वेगळे दाखवावेत, २,३१,००० अग्रिम आणि ९,००० लेखकाकडून येणे. मी घाईत पुढे गेलो.

अर्धविराम

आणि हा फक्त नावाचा फरक नाही. अनेक करारांत असं कलम असतं की लेखकाला जादा गेलेली रक्कम त्याच्या कोणत्याही पुस्तकाच्या देय रकमेतून कापता येईल, मात्र न फिटलेला ॲडव्हान्स म्हणजे जादा गेलेली रक्कम समजली जाणार नाही. म्हणजे 'अ'च्या लेखकाचं दुसरं पुस्तक तुमच्याकडे असेल तर हे ९,००० तिथून कदाचित कापता येतील. पण त्याच लेखकाच्या तिसऱ्या पुस्तकाचा ॲडव्हान्स फिटला नसेल तर तो दुसऱ्या पुस्तकाच्या कमाईतून कापता येणार नाही, जोवर करारात दोन पुस्तकांचा हिशेब एकत्र करायचा असं स्पष्ट लिहिलेलं नाही.

ओलीशाई

थांबा थांबा. माझी दोन पुस्तकं आहेत! दुसरं बरं चाललंय असं विक्रेते सांगतात, तरी मला चेक नाही. स्टेटमेंटवर दोन्ही एकाच पानावर असतात आणि शेवटी एकच वजा आकडा येतो. ते ३१ हजार त्या दोन्हींचे मिळून असतील का?

अर्धविराम

असू शकतील. दुसऱ्या पुस्तकाची ओळ वेगळी काढून मागा: त्याचा ॲडव्हान्स, आजवरची निव्वळ विक्री, आजवरची रॉयल्टी. मग मुनीमकाकांची तळाची ओळ तुम्हीच मांडा. ती अधिक आली आणि तुमच्या करारात एकत्र हिशेबाचं कलम नसेल, तर तुमचे पैसे अडकलेले आहेत. कलम असेल तर मात्र त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या पुस्तकाचा करार नीट बघा, असं कलम बहुतेकदा तिथेच येऊन बसतं, आनंदात सही करताना.

ओलीशाई

करार सापडला. वाक्य असं आहे: 'लेखकाकडून येणे असलेली कोणतीही रक्कम प्रकाशकास लेखकाच्या देय रकमेतून वळती करता येईल.' आता न फिटलेला ॲडव्हान्स ही 'लेखकाकडून येणे रक्कम' आहे की नाही?

अर्धविराम

हा खरा प्रश्न. मी तुमच्या बाजूने असते तर म्हणते, नाही. जे परत मागता येत नाही ते 'येणे' कसं? त्यांच्या बाजूने असते तर म्हणते, स्टेटमेंटवर दोन वर्षं वजा छापून येत होतं आणि तुम्ही हरकत घेतली नाही.

जुना_मुनीम

माझ्या अनुभवात असे वाक्य दोन्ही तऱ्हेने वाचले गेलेत. मी असतो तर आधी लेखी विचारलं असतं की दोन पुस्तकांच्या बाक्या कोणत्या कलमाने एकत्र केल्या. उत्तर काय येतं त्यावर पुढचं.

नवीखतावणी

माझ्याकडे एवढं ठरलं: 'अ'चा चेक रद्द, शीट दुरुस्त, तळाची ओळ सगळ्या पुस्तकांना लावली. ताळेबंदात तीन आकडे: देय रॉयल्टी १,८६,०००, अग्रिम २,३१,०००, जादा गेलेले ९,०००, आणि अग्रिमावर 'ब'ची तरतूद. बाकीच्या नावे बाक्यांचा गोदामातल्या शिलकीशी मेळ उद्यापासून घेते.

'अ'च्या लेखकांना ९,००० चं कसं सांगायचं, ते मात्र कळत नाहीये. सत्तरीचे आहेत, दर सहामाहीला स्वतः फोन करून 'किती प्रती गेल्या' विचारतात. रक्कम नव्हे, प्रती. चूक आमची. साहेब म्हणतात सांगू नको, पुढच्या रॉयल्टीतून आपोआप फिटेल. त्याच पुस्तकाच्या ३०० प्रतींचा प्रश्न आहे फक्त.

जुना_मुनीम

आपोआप फिटेल हे खरं. पण स्टेटमेंटवर वजा ९,००० छापून जाणारच, आणि ते बघून त्यांनाच फोन करावा लागेल. त्याआधी तुम्ही करा. २,३०० प्रती गेल्या, हे आधी सांगा.

कोरा_कागद

आकडे बघितले. दोनदाच टाकलाय आम्ही. एका नाही, तीन पुस्तकांत. मुनीमकाका, व्यनि केलाय, बघा जमलं तर.